अठ्ठावीस तारखेला नक्की काय हवंय?

आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं छापखाना चालवला तो ‘होऊन जाईल’ या दोन शब्दांवर. गिऱ्हाईक कुठलीही तारीख सांगो, वडील मान हलवून म्हणायचे, ‘‘होऊन जाईल.’’ मग ती तारीख उजाडायची. गिऱ्हाईक पुढच्या दाराने आत यायचं आणि वडील मागच्या दाराने चहाला जायचे. गल्ल्यावर मी असायचो. शाळकरी पोराला कोण ओरडणार? मी पाठ केलेलं वाक्य म्हणायचो, ‘‘उद्या संध्याकाळी या.’’ पुण्याच्या पेठांमध्ये त्या काळात निम्म्या लग्नपत्रिका अशाच छापल्या गेल्या, आणि तरीही लग्नं लागली.

छापखाना माझ्याकडे आल्यावर मी वेगळेपणा म्हणून ‘नाही जमणार’ म्हणायला सुरुवात केली. त्याचा अनुभव आणखी वाईट. पुण्यात ‘नाही’ म्हटलं की विषय तारखेचा राहत नाही, मानाचा होतो. गिऱ्हाईक उठून शेजारच्या गल्लीत जातं, तिथे कुणीतरी ‘होऊन जाईल’ म्हणतं, आणि दहा दिवसांनी तेच गिऱ्हाईक अर्धवट लावलेली पानं पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या दारात उभं राहतं. तोवर तारीख मात्र दहा दिवसांनी जवळ आलेली असते.

तिसरा मार्ग मला ज्येष्ठ नागरिक संघामुळे सापडला. संघाचं नाव सांगत नाही, कारण सगळे सभासद खणखणीत आहेत आणि सकाळी माझ्याच दुकानावरून फिरायला जातात.

सोमवार, १५ सप्टेंबर. पितृपक्ष चालू, त्यामुळे पत्रिकांची कामं बंद आणि दिवाळी अंकांची कामं मात्र छातीवर. अशा वेळी संघाचे तिघेजण आले. कार्याध्यक्ष वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर. चिटणीस बँकेतले. आणि स्मरणिकेच्या संपादक म्हणून आमच्या बाई, ज्यांनी मला आठवीत मराठी शिकवलं आणि ज्यांच्यासमोर आजही मी टेबलावर कोपर टेकत नाही. संघाला पंचवीस वर्षं झाली होती. १ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. त्याच्या अलीकडचा रविवार म्हणून २८ सप्टेंबरला हॉल घेतलेला, पाहुणे ठरलेले, जेवणात मसालेभात की पुलाव यावर दोन सभा झालेल्या. राहिली होती फक्त स्मरणिका.

‘‘एकशे अठ्ठावीस पानं, हजार प्रती,’’ कार्याध्यक्ष म्हणाले. ‘‘तेरा दिवस आहेत. भरपूर झाले.’’

चिटणिसांनी कापडाच्या दुकानाची एक पिशवी काउंटरवर ठेवली. पिशवीत स्मरणिका होती. म्हणजे चाळीस लेखांपैकी बावीस लेख होते. काही टाइप केलेले, काही वहीच्या पानावर, एक लेख औषधांच्या बिलाच्या मागे. जाहिराती तीस यायच्या होत्या, त्यातल्या अकरा आल्या होत्या. आमदारांचा शुभसंदेश ‘आलाच समजा’. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पाठवतोच’.

माझ्या तोंडात वडिलांचे दोन शब्द आले होते. पण बाई समोर होत्या, आणि बाईंना खोटं बोललेलं कळतं हे मी गृहपाठाच्या काळापासून जाणतो. म्हणून मी म्हटलं, ‘‘संध्याकाळी या. तोवर मी काय कधी मिळेल ते कागदावर मांडून ठेवतो.’’

दुपारी बसलो आणि २८ तारखेपासून मागे मागे मोजत आलो. या धंद्यात पुढे मोजणारा माणूस नेहमी आशावादी असतो. मागे मोजणाऱ्यालाच घाम फुटतो. २८ ला प्रकाशन, तर गठ्ठे २७ ला, शनिवारी दुपारी हॉलवर पोचायला हवेत. त्याआधी बाइंडिंगला तीन दिवस: घड्या घालायच्या, फॉर्म क्रमाने गोळा करायचे, कव्हर चिकटवायचं, कटिंग करायचं. म्हणजे २४ ते २६. त्याआधी छपाई, २२ आणि २३. प्लेटा २० तारखेला, कारण २१ ला रविवार. म्हणजे बाईंची शेवटची सही, जिला आम्ही प्रिंट ऑर्डर म्हणतो, ती मला शुक्रवारी १९ ला संध्याकाळी हवी.

आणि आज होती १५. मधल्या चार दिवसांत काय काय व्हायचं? साधारण ऐंशी पानांचा मजकूर, त्यातला निम्मा हस्ताक्षरात. हस्ताक्षर ज्येष्ठ नागरिकांचं. चांगला ऑपरेटर असा मजकूर दिवसाला पंधराएक पानं टाइप करतो. माझ्याकडे दोन ऑपरेटर, म्हणजे जवळजवळ तीन दिवस. मग पानं लावायला दोन. पहिलं प्रूफ वाचायला बाईंना दोन. दुरुस्त्यांना एक, दुसऱ्या प्रुफाला एक. बेरीज नऊ दिवस होते, आणि तीसुद्धा सगळा मजकूर हातात असेल तर. पिशवीत तो निम्माच होता.

ही बेरीज पाहून मला एक गोष्ट पहिल्यांदाच स्पष्ट दिसली. छापायला लागतात दोन दिवस. आम्ही छापखानेवाले आयुष्यभर ‘मशीनवर लोड आहे’ असं सांगत आलो आणि गिऱ्हाईकही मशीनकडेच संशयाने बघत आलं. पण दिवस खातं ते मशीन नाही. दिवस खातात न आलेले लेख, न वाचलेली प्रुफं आणि ‘आलाच समजा’ असलेले संदेश. म्हणून मी कागदावर काम आणि तारीख यांच्या शेजारी तिसरा रकाना आखला: ‘कुणाकडे’. रकाना भरल्यावर पाहिलं तर निम्म्याहून अधिक ओळींत ‘संघ’ होता. माझ्या वाट्याची कामंही संघाच्या ओळी संपल्याशिवाय सुरू होत नव्हती.

संध्याकाळी तिघे आले. बाईंनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं आणि काही वाचायच्या आधी ‘मुद्रीत’मधला दीर्घ खोडून ऱ्हस्व केला. मग म्हणाल्या, ‘‘हं, आता सांग.’’

कार्याध्यक्षांनी इंजिनिअरच्या नजरेने कागद तपासला आणि नेमक्या जागी बोट ठेवलं. ‘‘छपाई दोन दिवस? तीन मशीन लावा ना एकदम.’’

प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून मी हिशेब केला. एकशे अठ्ठावीस पानं म्हणजे सोळा पानी आठ फॉर्म. एका फॉर्मचे हजार कागद, दोन्ही बाजू धरून दोन हजार छाप. मशीन तासाला सहाएक हजार छाप काढतं, म्हणजे एका फॉर्मला मशीन प्रत्यक्ष फिरतं ते वीस मिनिटं. बाकीचा वेळ जातो प्लेटा चढवायला, शाई जमवायला आणि पुढचं पान मागच्या पानावर बरोबर बसवायला. शिवाय पावसाळी हवेत शाई वाळायला जरा वेळ द्यावा लागतो. ओल्या कागदाची घडी घातली की समोरच्या पानावर सावली उमटते आणि वाचणाऱ्याला दोन लेख एकदम वाचायला मिळतात. तीन मशीन लावून वाचणार एक दिवस. ‘‘साहेब, गाडी रिकामी उभी आहे. माल आलेला नाही. तुम्ही म्हणताय तीन गाड्या लावा.’’

हे त्यांना पटलं. वीज मंडळातल्या माणसाला पुरवठा कुठे अडलाय हे सांगितलं की लगेच पटतं.

चिटणीस म्हणाले, ‘‘मग जे आलंय ते छापायला घ्या. बाकीचं येईल तसं.’’

यावर मी तोंडी काही बोललो नाही. काउंटरवरचा एक कोरा कागद घेतला, त्याची तीन वेळा घडी घातली आणि चिटणिसांच्या हातात देऊन म्हटलं, ‘‘याच्यावर एक ते सोळा आकडे घाला.’’ बँकेतला माणूस. त्यांनी कडा अंगठ्याने उचलून नोटा मोजाव्यात तसे व्यवस्थित आकडे घातले. मग मी कागद उलगडला. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६. दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७, १०, ११, १४ आणि १५. काही आकडे डोक्यावर उभे.

‘‘तिसऱ्या पानावर कोण आहे?’’ मी विचारलं.

‘‘आमदारांचा संदेश.’’

‘‘आणि चौदाव्या?’’

कार्याध्यक्ष पुढे झुकले. चौदाव्या पानापासून त्यांचं ‘मागे वळून पाहताना’ होतं.

‘‘ही दोन्ही पानं कागदाच्या एकाच बाजूला छापली जातात. आमदार येईपर्यंत तुम्हाला थांबावं लागेल.’’

बराच वेळ ते त्या उलगडलेल्या कागदाकडे बघत होते. पंचवीस वर्षांत त्यांना आमदारांसाठी थांबावं लागलं होतं, पण इतकं दृश्य स्वरूपात कधी नाही. मग मी उपायही सांगितला, जो आम्ही नेहमी करतो. संदेश, मनोगत, कार्यकारिणीचे फोटो, म्हणजे जे जे मोठ्या लोकांकडून उशिरा येणार ते सगळं पहिल्या सोळा पानांत ठेवायचं आणि पहिला फॉर्म सर्वांत शेवटी छापायचा. लेख दुसऱ्या फॉर्मपासून सुरू करायचे. वाचणाऱ्याला आमदार पहिले दिसतात, मशीनला शेवटी. कार्याध्यक्षांचा लेख तिथल्या तिथे सतराव्या पानावर गेला.

एवढं करूनही २८ चं गणित सुटत नव्हतं. म्हणून मी मूळ प्रश्न विचारला, जो खरं तर मी सकाळीच विचारायला हवा होता. ‘‘अठ्ठावीस तारखेला तुम्हाला नक्की काय हवंय?’’

‘‘स्मरणिका,’’ तिघेही म्हणाले.

‘‘तसं नाही. त्या दिवशी हॉलमध्ये स्मरणिकेचं काय काय होणार, ते सांगा.’’

चिटणिसांनी कार्यक्रमपत्रिका काढली. अकरा वाजता प्रकाशन. पाहुणे लाल फीत सोडणार, कागद काढणार, मंचावरचे सातजण एकेक प्रत छातीशी धरून फोटोला उभे राहणार. मग भाषणं. मग जेवण. जाताना प्रत्येकाला एक प्रत. पुढच्या आठवड्यात जाहिरातदारांना दोन-दोन.

‘‘जेवल्यावर वाचणार कोण?’’ बाईंनीच विचारलं. ‘‘घरी जाऊन झोपतील सगळे.’’

तेव्हा मी कागदाची दुसरी बाजू पुढे केली. त्यावर तीन वाटा लिहिल्या होत्या आणि प्रत्येकीखाली लिहिलं होतं की त्या वाटेने गेलं तर काय बदलेल.

पहिली वाट: २८ ला हजार प्रती, पण अठ्ठेचाळीस पानं. तीन फॉर्म, मध्ये दोन पिना मारायच्या, बाइंडिंग एका दिवसात. आलेल्या लेखांतलेही निवडकच बसणार. बदलणार काय, तर सत्तावीस-अठ्ठावीस लेखकांना ‘तुमचा लेख घेता आला नाही’ असं कुणीतरी सांगायला लागणार. ‘कुणाकडे’ या रकान्यात मी ‘संघ’ लिहिलं होतं. तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. ज्यांच्याबरोबर रोज सकाळी सहाला हास्यक्लबात हात वर करायचे, त्यांना हे सांगायचं म्हणजे सकाळी फिरण्याची बागच बदलावी लागणार. ती वाट तिथेच बंद झाली.

दुसरी वाट: २८ ला सगळंच. एकशे अठ्ठावीस पानं, हजार प्रती. हो, मी ती लिहिली होती. ‘शक्य नाही’ लिहिलं असतं तर कार्याध्यक्षांनी ती वाट शक्य करून दाखवण्यात उरलेले दिवस घालवले असते. त्याखाली लिहिलं: मजकूर १७ ला बंद, एकच प्रूफ, तेही एका रात्रीत, ऑपरेटर आणि मशीनमनची रात्रपाळी, आणि बाइंडिंगवाल्या मामांना एका दिवाळी अंकाचं काम मागे ठेवायला लावायचं, त्याचे वेगळे पैसे. पैशांवर चिटणिसांनी श्वास आत घेतला, पण बोलले नाहीत. एकच प्रूफ म्हणजे काय, हे दाखवायला मी कपाटातून एक जुनी स्मरणिका काढली. माझ्याच छापखान्यातली, घाईतली. तिच्यात देणगीदारांच्या यादीवर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘या सर्वांनी संस्थेच्या उभारणीला हातभर लावला.’

एका कान्याचा फरक. बाईंनी ते वाचलं आणि स्मरणिका अशी मिटली, जणू तिच्यात झुरळ निघालं असावं. ‘‘ही वाट नको,’’ त्या म्हणाल्या.

तिसरी वाट: २८ ला तीस प्रती, आणि ६ ऑक्टोबरला हजार. तीस प्रती डिजिटल मशीनवर काढायच्या. तिला प्लेट लागत नाही, म्हणून थोड्या प्रती झटपट निघतात. त्याच एकशे अठ्ठावीस पानांच्या, तेच कव्हर. मजकूर गुरुवारी १८ ला बंद, पानं २५ च्या रात्री तयार, छपाई २६ ला, मामा २७ ला हाताने बांधून देणार. मंचावर सात, पाहुण्यांना आणि मोठ्या जाहिरातदारांना उरलेल्या. बदलणार काय, तर एका प्रतीला साडेचारशे रुपयांच्या घरात खर्च, जिथे हजारातली प्रत सव्वाशेला पडते. म्हणजे साडेतेरा हजार वरचे. आणि २८ ला सभासद रिकाम्या हाताने घरी जाणार.

‘‘रिकाम्या हाताने?’’ चिटणीस म्हणाले. ‘‘हे चालणार नाही.’’

‘‘६ तारखेला काय आहे बघा.’’

६ ऑक्टोबरला कोजागरी होती. संघाचा मसाला दुधाचा कार्यक्रम दरवर्षी गच्चीवर होतो आणि दरवर्षी चिटणीस कुरकुरतात की वार्षिक कार्यक्रम नुकताच झालेला असल्यामुळे कोजागरीला पन्नास माणसंही येत नाहीत, दूध उरतं. आता स्मरणिका घ्यायला तीनशे येणार होते. चिटणिसांच्या चेहऱ्यावर चांदणं पडलं. दुधाचा हिशेब त्यांनी तिथेच वाढवला.

तारखा कशा बसतात तेही मी दाखवलं. २९ ला सोमवारी उरलेल्या दुरुस्त्या आणि प्लेटा, ३० आणि १ ला छपाई. २ ला दसरा. त्या दिवशी मशीनला झेंडूची माळ आणि सुट्टी. मशीनला विश्रांती आणि कागदावरच्या शाईलाही. ३ ते ५ मामांकडे बाइंडिंग. ६ ला दुपारी गठ्ठे. एकही दिवस मोकळा नव्हता, आणि ते मी खाली लिहूनही ठेवलं होतं: ‘एक दिवस उशीर म्हणजे कोजागरीनंतर.’

फक्त एक अडचण निघाली, तीही मला सुचली नव्हती. ‘‘कव्हर मात्र पितृपक्षात पास करणार नाही,’’ कार्याध्यक्ष म्हणाले. ‘‘पंचवीस वर्षांचं शुभकार्य आहे.’’ लेख पितृपक्षात चालत होते, कव्हर नाही. मी वाद घातला नाही. कव्हर तसंही वेगळं छापलं जातं आणि आतल्या पानांना अडवत नाही. कागदावर ‘कव्हर मंजुरी: २२, घटस्थापना, सकाळी’ असं लिहिलं. श्रद्धेला रकाना दिला की तिचाही त्रास होत नाही.

तिघांनी कागदावर सह्या केल्या. एक प्रत त्यांना, एक माझ्या भिंतीवर.

पुढचे दहा दिवस ठरल्याप्रमाणे गेले असं म्हटलं तर बाई हेही खोडतील. आमदारांचा संदेश आला, पण फोटो न जोडता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो बघायला झकास होते. पण हजार-बाराशे ठिपक्यांचा फोटो चार इंचांपेक्षा मोठा छापला की माणसाचं नाक जिन्यासारखं पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं. कार्याध्यक्षांना पूर्ण पान हवं होतं. मी त्यांचा फोटो त्या मापात छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हात लांब करून पाहिला, जवळ घेऊन पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या अल्बममधला खरा फोटो स्वतः घेऊन आले. टाइप केलेले लेख एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेताना रफार उडून भलत्याच अक्षरावर बसले. बाईंनी एकेक रफार घरी नेऊन सोडावा तसा नेऊन सोडला. त्यांना दोन दिवस दिले होते, त्यांनी दोनच घेतले. मात्र दुसऱ्या प्रुफात त्यांनी स्वतःच पहिल्या प्रुफात घातलेले स्वल्पविराम काढले.

खरी परीक्षा २३ ला झाली. दुपारी कार्याध्यक्ष एकटेच आले. हातात दोन कागद. ‘‘एक छोटा लेख राहिलाय. विजेच्या बचतीवर. दीड पान आहे फक्त.’’

वडील असते तर म्हणाले असते ‘होऊन जाईल’. मी पूर्वीचाच राहिलो असतो तर म्हटलं असतं ‘नाही, सह्या झाल्यात’, आणि त्यांनी मला ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत याची आठवण करून दिली असती. मी भिंतीवरचा कागद काढून काउंटरवर ठेवला. ‘‘जरूर घेऊ. आठ फॉर्म भरलेत साहेब, एकशे अठ्ठावीस. दीड पान वाढलं तर दीड पान वाढत नाही. निदान चार पानांचा जादा तुकडा छापावा लागतो, वेगळ्या प्लेटा, आणि मामांना हजार प्रतींत तो हाताने घालायला लागतो. कोजागरी चुकते, ८ तारीख होते. आणि उरलेली अडीच पानं भरायला काहीतरी द्यावं लागेल.’’

‘‘आणि न वाढवता?’’

‘‘मग दोन पानं काढायची. कुठली ते तुम्ही सांगा.’’ मी डमी उघडून पुढे केली. ते पानं उलटत गेले. एका पानावर संस्थापकांचा लेख. एका पानावर सहलीचे फोटो, त्यात त्यांच्या सौभाग्यवती पहिल्या रांगेत. एका पानावर एकाने पत्नीच्या आठवणीत लिहिलेलं. ते त्या पानावर जरा जास्त थांबले. शेवटी डमी मिटली, विजेच्या बचतीची घडी घातली आणि खिशात ठेवली. ‘‘पुढच्या वर्षी बघू,’’ म्हणाले. मग दारातून परत वळून: ‘‘तुमचा तो कागद आमच्या मंडळात असता तर निम्मी सबस्टेशनं वेळेवर झाली असती.’’

२८ ला प्रकाशन झालं. फीत सुटली, सात प्रती सात छात्यांशी लागल्या, फोटो निघाले. उरलेल्या तेवीस प्रती मी आणि चिटणीस मिळून राखत होतो, तरी जेवणं आटोपेपर्यंत अकरा उरल्या. बाकीच्या कोणाकडे गेल्या ते कळलं नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या शबनम पिशव्या उघडून बघणं मला बरं दिसलं नसतं.

साडेतीनला एक आजोबा माझ्याकडे आले. हातात प्रत, सभासद यादीच्या पानावर बोट घालून. ‘‘हे तुम्ही छापलंत?’’ त्यांच्या नावाआधी ‘श्री.’च्या जागी ‘कै.’ होतं. चालू सभासद आणि दिवंगत सभासद अशा दोन याद्या एकाच कागदावर आल्या होत्या. आमच्या ऑपरेटरने एक ओळ चुकून खाली ओढली. चूक आमचीच. बाईंनी यादी तपासली होती, पण त्यांनी फक्त वेलांट्या तपासल्या होत्या.

मी हात जोडले. म्हटलं, ‘‘आजोबा, ही नुसती तीस प्रतींतली चूक आहे. हजार प्रती अजून छापायच्या आहेत. उद्या सकाळी पहिलं काम हेच करतो.’’ चिटणीस धावत आले, त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि ती प्रत परत घ्यायला हात पुढे केला.

आजोबांनी प्रत छातीशी धरली, मंचावरच्या पाहुण्यांपेक्षा घट्ट. ‘‘परत बिरत मिळणार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘हजारात खुशाल सुधारा. ही मी घरी नेतो. बायको रोज म्हणते, तुम्ही गेल्यावर माझं कसं होणार. आज दाखवतो तिला, झालं की सगळं व्यवस्थित. जेवणसुद्धा चांगलं होतं.’’